फिरवणारं मॅट्रिक्स: दोन ओळींच्या ऑसिलेटरच्या प्रकल्प नोंदी

३ जून

डिप्लोमाच्या प्रयोगशाळेसाठी एक छोटी पेटी करायची आहे. ऑसिलोस्कोप एक्स-वाय मोडला लावला की पडद्यावर वर्तुळ दिसलं पाहिजे, आणि ते वर्तुळ एका २×२ मॅट्रिक्सने काढलेलं असलं पाहिजे. साइनचा तक्ता साठवायचा नाही, `sin()` बोलवायचं नाही. आधीच्या बिंदूला मॅट्रिक्सने गुणायचं, नवा बिंदू पडद्यावर टाकायचा, पुन्हा गुणायचं, एवढंच.

हार्डवेअर साधंच घेतलं आहे. एटीमेगा ३२८पी असलेला बोर्ड, घड्याळ १६ मेगाहर्ट्झ. टायमर १ च्या दोन्ही पीडब्ल्यूएम पिना (९ आणि १०) वापरायच्या; ८ बिटांच्या जलद मोडला त्यांची वारंवारता ६२.५ किलोहर्ट्झ येते. प्रत्येक पिनेवर १ किलोओहम आणि १०० नॅनोफॅरडचा फिल्टर. या चिपला अपूर्णांकांचं गणित हार्डवेअरमध्ये येत नाही, म्हणून भागाकार फक्त दोनच्या घातांनी, म्हणजे बिट सरकवून.

सुरुवात मुद्दाम सर्वांत भाबड्या नियमापासून करतो आहे, कारण तो बिघडतो कसा ते मुलांना दाखवायचंच आहे. एका पायरीत x मधून y चा सोळावा भाग वजा करायचा आणि y मध्ये जुन्या x चा सोळावा भाग मिळवायचा:

```c
int16_t t = x;
x = x - (y >> 4);
y = y + (t >> 4);
```

ε = 1/16 धरलं तर मॅट्रिक्स असं:

```
A = [ 1  -ε ]
    [ ε   1 ]
```

आयगेनमूल्यांचं वर्गसमीकरण (1 − λ)² + ε² = 0. म्हणजे λ = 1 ± iε. वास्तव उत्तर नाही, आणि असणारही नाही. वास्तव आयगेनसदिश म्हणजे अशी दिशा, जिच्यावरचा बिंदू गुणल्यावरही त्याच रेषेवर राहतो. हे मॅट्रिक्स प्रत्येक रेषेला थोडं वळवतं, एकही रेषा जागेवर ठेवत नाही. समीकरणाला वास्तव मूळ नाही हे त्याचंच बैजिक रूप आहे.

या मॅट्रिक्सच्या बाबतीत संमिश्र संख्या ओढूनताणून आणाव्या लागत नाहीत. बिंदू (x, y) ला x + iy म्हणा आणि त्याला 1 + iε ने गुणा. वास्तव भाग x − εy, काल्पनिक भाग y + εx. हाच आपला नियम. म्हणजे मॅट्रिक्सचं काम एका संख्येने गुणण्याएवढंच आहे. त्या संख्येचा मापांक किती ताणायचं ते सांगतो, कोन किती फिरवायचं ते सांगतो.

मापांक √(1 + 1/256), म्हणजे सुमारे १.००१९५. कोन ३.५७६ अंश. एका फेऱ्याला १००.७ पायऱ्या लागतात, आणि तेवढ्या पायऱ्यांत १.००१९५ चा घात १.२१७ होतो. एका पायरीत हजारात दोन वाढ कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण फेऱ्यागणिक त्रिज्या जवळजवळ २२ टक्के फुगते. x = 2000 पासून निघालो तर १६ बिटांची ३२७६७ ही मर्यादा चौदाव्या फेऱ्यानंतर फुटायला हवी.

४ जून

बोर्डवर चालवलं. पडद्यावर मधूनच बाहेर उलगडत जाणारी आवर्तं दिसतात, बिंदू कडेला पोचला की आकडा धनाचा ऋण होतो आणि पुढे सगळा पसारा. सीरियलवर आकडे काढून पाहिले, चौदा फेरे भरतात आणि पंधराव्यात फुटतं. कागदावरचं भाकीत बरोबर.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो, पुढे लागेल. या आवर्तात कुठलाही तिरकसपणा नाही. कुठूनही निघा, दर पायरीला ३.५७६ अंशच फिरणार आणि १.००१९५ पटच ताणणार, कोनमापकाने मोजलं तरी तेवढंच. [a −b, b a] अशा घाटाच्या मॅट्रिक्सला हे सुख असतं. सगळ्या मॅट्रिक्सना ते नसतं.

७ जून

आजचा बदल इतकाच की `t` काढून टाकला.

```c
x = x - (y >> 4);
y = y + (x >> 4);
```

दुसऱ्या ओळीत आता जुना x नाही, नुकताच बदललेला x वापरला जातो. ही युक्ती जुनी आहे. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेचं १९७२ चं हॅकमेम नावाचं टिपण आहे, त्यात मार्व्हिन मिन्स्कीच्या नावावर १४९ वी नोंद हीच आहे. एक रजिस्टर वाचवायला गेलो आणि चुकून हे सापडलं, असं तिथे म्हटलं आहे. एक व्हेरिएबल कमी केल्याने फुगणारं आवर्त बंद होऊन रेषा स्वतःला येऊन मिळते, हे मला अजूनही गमतीशीर वाटतं.

नवं मॅट्रिक्स काढू. x' = x − εy, आणि y' = y + εx' = εx + (1 − ε²)y.

```
M = [ 1    -ε    ]
    [ ε   1 - ε² ]
```

निश्चयक 1·(1 − ε²) + ε² = 1. बरोबर एक, जवळपास एक नव्हे. ट्रेस 2 − ε². आयगेनमूल्यं संमिश्र असतील तर ती अनुबद्ध जोडीने येतात, कारण मॅट्रिक्समधले आकडे वास्तव आहेत. मग त्यांचा गुणाकार म्हणजे मापांकाचा वर्ग, आणि तोच निश्चयक. म्हणून मापांक १. बेरीज म्हणजे 2cosθ, आणि तोच ट्रेस. म्हणून cosθ = 1 − ε²/2, किंवा वापरायला सोपं म्हणजे sin(θ/2) = ε/2. ε = 1/16 ला θ = ३.५८१६ अंश, एका फेऱ्याला १००.५१ पायऱ्या.

म्हणजे ताण नाही, नुसतं फिरणं. वर्तुळ यायला हवं ना? पडद्यावर बंद वक्र आला, स्थिर आला, पण तो वर्तुळ नाही. उजवीकडे वर झुकलेलं, किंचित लांबट असं काहीतरी. आठ घरांच्या रुंदीत पाव घराचा फरक दिसतो.

८ जून

हा लांबटपणा मॅट्रिक्सचा की फिल्टरचा, ते आधी ठरवायला हवं होतं, कारण दोन्ही कारणं सारखीच दिसतात. दर ओव्हरफ्लोला एक पायरी टाकली तर बिंदू सेकंदाला ६२२ फेरे मारतो. त्या वारंवारतेला माझा फिल्टर फेज २१ अंशांनी मागे ढकलतो. दोन्ही वाहिन्या सारख्याच मागे गेल्या तर काही बिघडत नाही, पण कपॅसिटर काही सारखे नसतात. एकाची किंमत दुसऱ्यापेक्षा १० टक्क्यांनी वेगळी असली की दोन वाहिन्यांमध्ये सुमारे २ अंशांचा फरक पडतो, आणि एवढ्या फरकाने वर्तुळाचं तिरपं लंबवर्तुळ होतंच.

उपाय सोपा: वेग सोळा पट कमी केला. आता सेकंदाला ३९ फेरे. पडदा लुकलुकतो, पण कपॅसिटरमधल्या त्याच १० टक्क्यांनी आता ०.१४ अंशांचाच फरक पडतो. शिवाय दोन्ही फिल्टर अदलाबदल करून पाहिले. लांबटपणा तेवढाच, झुकावही त्याच बाजूला. तेव्हा दोष सुट्या भागांचा नाही.

वेग कमी केल्याचा एक फायदा असा की बिंदू सुटे दिसू लागले. एका फेऱ्यात १००.५१ पायऱ्या असल्यामुळे दुसऱ्या फेऱ्याचे बिंदू पहिल्या फेऱ्याच्या बिंदूंच्या जवळपास मधोमध पडतात, आणि सगळी माळ अगदी सावकाश सरकत राहते.

९ जून

आजचा दिवस कागदावर. ε = 1/16 ला सगळं इतकं बारीक आहे की डोळ्यांना काही कळत नाही. म्हणून ε = 1 घेतला. त्याला भागाकारच नाही, सगळे पूर्णांक.

```
M = [ 1  -1 ]
    [ 1   0 ]
```

cosθ = 1/2, म्हणजे θ = ६० अंश, मापांक १. सहा पायऱ्यांत घरी परत यायला हवं. (1, 0) पासून निघू. नियम एवढाच: x मधून y वजा करा, मग y मध्ये नवा x मिळवा.

(1, 0) → (1, 1) → (0, 1) → (−1, 0) → (−1, −1) → (0, −1) → (1, 0).

सहा पायऱ्या, बरोबर मूळ जागी. बोर्डवरही `y >> 4` च्या जागी नुसता `y` आणि `x >> 4` च्या जागी नुसता `x` लिहून २०००० पासून निघालो, वेग आणखी कमी केला, आणि पडद्यावर हे सहा ठिपके आले.

गणित शिकवणाऱ्या मॅडम तेवढ्यात प्रयोगशाळेत आल्या होत्या. ठिपके पाहून म्हणाल्या, "सर, तुम्ही साठ अंश म्हणता, पण यात साठ अंश आहे कुठे?"

बरोबर विचारलं. (1, 0) वरून (1, 1) वर जाताना बिंदू केंद्राभोवती ४५ अंश फिरला. तिथून (0, 1) वर जाताना पुन्हा ४५. तिथून (−1, 0) ला एकदम ९०. केंद्रापासूनचं अंतर १, मग १.४१४, मग पुन्हा १. कोन दर वेळी वेगळा, लांबीही बदलती. आयगेनमूल्य मात्र ठामपणे सांगतं की ६० अंश फिर, लांबी बदलू नकोस.

दोन्ही खरं आहे. आयगेनमूल्याने सांगितलेलं फिरणं आपल्या चौकटीच्या कागदावर मोजायचं नसतं. ते मोजायचा कागद वेगळा आहे, आणि तो कोणता हे आयगेनसदिश सांगतो.

λ = 1/2 + i√3/2 घेऊन (M − λ)v = 0 सोडवू. दुसऱ्या ओळीवरून v₁ = λv₂, म्हणून v = (λ, 1). याचे दोन भाग वेगळे करू:

वास्तव भाग u = (1/2, 1)
काल्पनिक भाग w = (√3/2, 0)

संमिश्र सदिश डोळ्यांसमोर आणता येत नाही म्हणून मुलं इथे अडतात. पण u आणि w हे साधे वास्तव सदिश आहेत, आलेखावर काढता येतात. Mv = λv या एका समीकरणात λ = a + ib टाकून वास्तव आणि काल्पनिक भाग वेगळे केले की मिळतं:

Mw = aw + bu
Mu = −bw + au

हे तर फिरवणंच झालं, फक्त अक्ष x आणि y ऐवजी w आणि u आहेत. पहिला अक्ष w, दुसरा u. क्रम असाच ठेवला, आधी काल्पनिक आणि मग वास्तव, म्हणजे फिरण्याची दिशा घड्याळाच्या उलट येते. क्रम उलटा केला तर θ चं चिन्ह उलटतं. पुस्तकापुस्तकात इथे फरक असतो, काहीजण a − ib पासून सुरुवात करतात. चिन्ह जुळलं नाही की आधी हेच तपासावं.

मॅडमना पटवायला सहा ठिपके या नव्या अक्षांवर वाचून दाखवले. (1, 0) म्हणजे 1.155 वेळा w, u शून्य वेळा. (1, 1) म्हणजे 0.577w + 1u. (0, 1) म्हणजे −0.577w + 1u. आता w आणि u एकमेकांना काटकोनात आणि सारख्या लांबीचे आहेत असं समजून हे आकडे साध्या आलेखकागदावर मांडा: (1.155, 0), (0.577, 1), (−0.577, 1). तिघेही केंद्रापासून १.१५५ वर, आणि कोन ०, ६०, १२० अंश. नियमित षट्कोन. पडद्यावरचे ठिपके म्हणजे हाच षट्कोन, कागद एका कोपऱ्याला धरून तिरका ओढल्यावर दिसावा तसा.

सूत्रात लिहायचं तर P = [w u] असे दोन स्तंभ घेऊन M = P R P⁻¹, जिथे R म्हणजे निखळ फिरवणं (आणि मापांक १ नसेल तर त्याच्या जोडीला ताणणं). उजवीकडून वाचायचं: आधी P⁻¹ ने तिरका कागद सरळ करा, मग R ने फिरवा, मग P ने कागद पुन्हा तिरका करा. सहा वेळा गुणलं तरी मधले P⁻¹P एकमेकांना खातात आणि P R⁶ P⁻¹ उरतं. म्हणून तिरकसपणा साठत जात नाही, तो सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदाच लागतो. फेऱ्यामागून फेरे ताण साठतो तो फक्त R मधला.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे कोन मॅट्रिक्सचा, आणि आकार P चा." मी हो म्हणालो, आणि हेच वाक्य पेटीच्या माहितीपत्रकात घालणार आहे.

११ जून

आता खऱ्या ε = 1/16 कडे. पहिल्या ओळीवरून v₂ = (1 − λ)/ε. v₁ = 1 धरलं आणि sin(θ/2) = ε/2 वापरलं की फार सुटसुटीत उत्तर येतं:

v = (1, sin(θ/2) − i cos(θ/2))

दुसऱ्या घटकाचा मापांक १ आणि कोन −(90° − θ/2). इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला हे वाचता येतं, हा सरळ फेजर आहे. दोन्ही वाहिन्यांची उंची सारखी, आणि y हा x च्या मागे ९० नव्हे, ८८.२१ अंश. वर्तुळाला नेमके ९० लागतात. उरलेल्या १.७९ अंशांनी पडद्यावरचा लांबटपणा आला. सगळा फरक θ/2 चा, अर्ध्या पायरीचा.

बिंदूचा माग लिहिला की अर्धी पायरी कुठून आली तेही कळतं: x = cos(nθ), पण y = sin((n + ½)θ). दुसऱ्या ओळीत नवा x वापरल्यामुळे y अर्धी पायरी पुढे पळतो. रजिस्टर वाचवल्याची किंमत ती एवढीच.

लंबवर्तुळही सूत्रात सापडतं. x² − εxy + y² ही राशी M ने बदलत नाही. x' आणि y' घालून विस्तार केला तर सगळी जादा पदं कटतात, दोन मिनिटांचं काम आहे. तिच्यावरून लांब अक्ष x = y या दिशेने, आखूड अक्ष त्याला काटकोनात, आणि गुणोत्तर √((1 + ε/2)/(1 − ε/2)). १/१६ ला १.०३२. म्हणजे आठ घरांत पाव घर, पडद्यावर दिसलं तेवढंच.

हीच राशी (x − εy/2)² + (1 − ε²/4)y² अशी लिहिता येते, आणि त्यातच दुरुस्ती दडलेली आहे. ऑसिलेटरला हात लावायचा नाही, फक्त बाहेर दाखवताना x ऐवजी x − y/32 दाखवायचं:

```c
OCR1A = 128 + ((x - (y >> 5)) >> 8);
OCR1B = 128 + (y >> 8);
```

x ला अर्धी पायरी पुढे नेऊन y च्या बरोबरीला आणलं. हे P⁻¹ चं काम आहे, फक्त एका शिफ्टमध्ये उरकलेलं. राहिलेला फरक cos(θ/2), म्हणजे दोन हजारांत एक. ८ बिटांच्या पीडब्ल्यूएममध्ये तो दिसणं शक्यच नाही. पडद्यावर आता गोल आहे. आडव्या-उभ्याचं प्रमाण ऑसिलोस्कोपच्या दोन्ही वाहिन्यांचं कॅलिब्रेशन जेवढं खरं, तेवढं खरं.

१४ जून

रात्रभर चालू ठेवलं होतं, उंचीत फरक नाही. शिफ्ट करताना दर पायरीला खालचे बिट गळतात, तरी त्रिज्या झिजत नाही, हे विद्यार्थी विचारणार. उत्तर असं की `x = x - (y >> 4)` ही ओळ पूर्णांकांतही नेमकी उलटवता येते: y बदललेला नसतो, म्हणून तेवढंच परत मिळवलं की जुना x सापडतो. दुसऱ्या ओळीचंही तसंच. दोन वेगळे बिंदू कधीच एका बिंदूत मिसळत नाहीत, आणि एकूण अवस्था मर्यादित आहेत, म्हणून वळसा कधीतरी मूळ बिंदूवर परत येतोच. मधल्या काळात तो लंबवर्तुळाजवळच राहील हे मात्र यातून सिद्ध होत नाही, ते पाहूनच सांगावं लागतं. ३ जूनच्या नियमाला ही उलटवण्याची सोय नाही.

नंतर ε वाढवत नेला, मर्यादा कुठे आहे ते पाहायला. हे अपूर्णांक शिफ्टने होत नाहीत, म्हणून संगणकावर. ट्रेस 2 − ε² आणि निश्चयक १. आयगेनमूल्यं संमिश्र राहायला ट्रेसचा वर्ग चारपेक्षा कमी हवा, म्हणजे ε < 2.

ε = 1.9 ला मापांक अजूनही अगदी १ आहे. पण (1, 0) वरून निघालेला बिंदू तिसऱ्या पायरीला केंद्रापासून ४.४ वर असतो. लंबवर्तुळ सहापट लांबट झालेलं आहे आणि आपण त्याच्या आखूड बाजूजवळून निघालो. मापांक एक आहे म्हणून संख्या आवाक्यात राहतील असं धरून १६ बिटांत २८००० भरले असते तर पहिल्याच पायरीत y ५३२०० झाला असता. आयगेनमूल्य बघून थांबलं की हे दिसत नाही, P बघावाच लागतो.

ε = 2 ला (1, 0), (1, 2), (−3, −4), (5, 6), (−7, −8). λ = −1 दोनदा, पण आयगेनसदिश एकच. u आणि w एका रेषेत आले, कागद पूर्ण चपटा झाला, आणि फिरायला जागा उरली नाही. वाढ मात्र सरळरेषी, घातांकी नव्हे. ε = 2.1 ला आयगेनमूल्यं वास्तव होतात, −1.877 आणि −0.533, आणि बिंदू एका रेषेच्या दोन टोकांना आळीपाळीने उडत दूर जातो. २ ओलांडेपर्यंत फिरणं, ओलांडल्यावर फेकणं.

१७ जून

पेटीवरच्या दुसऱ्या बटणासाठी विझत जाणारं आवर्त हवं होतं, घंटेच्या टोल्यासारखं. एक ओळ वाढवली:

```c
x = x - (y >> 4);
y = y + (x >> 4);
y = y - (y >> 7);
```

इथे आयगेनमूल्य पूर्ण सोडवायची गरज नाही, निश्चयक आणि ट्रेस पुरतात. शेवटची ओळ मॅट्रिक्सच्या खालच्या ओळीला 127/128 ने गुणते, म्हणून निश्चयकही 127/128. मापांक त्याचं वर्गमूळ, ०.९९६०९. ट्रेस १.९८८३१, त्याला मापांकाच्या दुपटीने भागलं की cosθ, त्यावरून θ = ३.५६७ अंश. फेऱ्याला १००.९ पायऱ्या, आणि तेवढ्यात त्रिज्या ०.६७३ पट.

एक गोष्ट इथे सहज निसटते. y ला १२८ व्या भागाने कापलं, पण मापांक कापला गेला फक्त २५६ व्या भागाने. कारण झिज एकाच घटकावर लावली आहे आणि फिरताना ती दोघांत वाटली जाते. दोघांवर लावली असती तर दुप्पट वेगाने विझलं असतं.

२८००० पासून निघून २५६ च्या खाली, म्हणजे पीडब्ल्यूएमच्या एका पायरीखाली जायला बारा फेरे लागावेत, वेळ ०.३१ सेकंद. सिंगल ट्रिगर लावून पकडलं, बाराव्या फेऱ्यानंतर रेषा सपाट.

पण आतल्या आकड्यांत सपाट नाही. y ० ते १२७ असताना `y >> 7` शून्य येतं, झिज थांबते. y −१ ते −१२८ असताना तेच −१ येतं, कारण ही शिफ्ट खालच्या बाजूला पूर्णांक करते. ऋण बाजूला झिज चालू, धन बाजूला बंद, म्हणून बिंदू शून्यावर न थांबता लहानशा वळशात अडकतो. सीरियलवर तो वळसा दिसतो. पडद्यावर दिसत नाही, कारण बाहेर जाताना खालचे आठ बिट टाकून दिलेले असतात. ही पेटी पडद्यापुरती आहे, म्हणून तसंच ठेवतो. पुढे कुणी याच कोडवरून ध्वनी काढणार असेल तर x आणि y ३२ बिटांचे करून खाली आठ जादा बिट ठेवावेत, म्हणजे तो अडकलेला वळसा २५६ पट लहान होतो.